कुरोकावाला उतरणारी माणसे

निवाचे घर होरिताला होते. एवढे साधे वाक्य त्याने कचेरीत अकरा वर्षे तोंडाबाहेर काढले नव्हते. कचेरीच्या लेखी तो कुरोकावाला राहत असे.

नागोयाची भुयारी मेइजो लाइन गोल आहे. अठ्ठावीस स्टेशने, प्रत्येकाला आकडा, आणि अठ्ठावीसनंतर पुन्हा एक. आकडे चढत जातात ती उजवी फेरी, घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी. आकडे उतरत जातात ती डावी. मिठाईची खोकी बनवणारी निवाची कंपनी दहा नंबरच्या स्टेशनाशी, शिगा-होन्दोरीला होती. होरिता पंचवीस नंबर. डाव्या फेरीने तेरा स्टेशने, उजवीने पंधरा. कुरोकावा मात्र नऊ नंबर, म्हणजे डावीकडचे अगदी पुढचेच स्टेशन. चालत गेले तरी जेवण जिरावे एवढेच अंतर.

मग माणूस असे खोटे का बोलतो? तर त्याचे कारण चोवीस नंबरला, म्योओन-दोरीला राहत होते. त्यांचे नाव योकोई. ते तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि सगळे त्यांना हुद्द्यानेच हाक मारीत, काचो.

योकोई वाईट नव्हते. ओरडत नसत, कुणाची रजा अडवीत नसत, दुसऱ्याच्या कामावर स्वतःचे नाव लावीत नसत. त्यांचा दोष एकच होता, त्यांना घरी जाताना सोबत लागे आणि सोबतीला ते खोक्यांच्या गोष्टी सांगत. दहा नंबरहून चोवीस नंबर उजवीकडून मोजा, चौदा स्टेशने. डावीकडून मोजा, चौदाच. योकोईंच्या कुठल्याही गोष्टीची लांबी बरोबर तेवढीच असे. शिगा-होन्दोरीला दरवाजे बंद होताना एखाद्या केकवाल्याच्या खोक्याचे झाकण बसेनासे होई, आणि त्यातून घ्यायचा बोध म्योओन-दोरीच्या फलाटावर पाऊल टाकताना मिळे. मधे कुणी उतरला तर बोध राहून जाई. मग दुसऱ्या दिवशी गोष्ट पहिल्यापासून सुरू होई, कारण अर्धवट भरलेला खोका पुढे पाठवायचा नाही हे त्यांच्या खात्याचे तत्त्व होते.

पूर्वी हा छळ चुकवता येत असे. जुने लोक सांगत, वीसएक वर्षांपूर्वी ही लाइन गोल नव्हती, तिला दोन टोके होती. तेव्हा साहेब एका टोकाकडे निघाले की माणूस नमस्कार करून म्हणे, "मी उलट दिशेचा." साहेबही मान हलवीत. मग सरकारने दोन टोके जोडली, वर्तुळ पुरे झाले, शहराची सोय झाली आणि तपासणी विभागाची गैरसोय. कारण वर्तुळावर उलट दिशा अशी नसतेच. कुठूनही निघा, कुठेही पोचता.

निवाची या विभागात बदली झाली त्या दिवशीच योकोईंनी, हाताखालच्या पुरुषांना लावतात ते 'कुन' लावून, विचारले होते, "निवा-कुन, राहता कुठं?"

निवा तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा तोमात्सु जोरजोरात खोकू लागला. त्या खोकल्यात काहीतरी सूचना होती. निवा सावध झाला.

"तुम्ही कुठं राहता, काचो?" त्याने उलट विचारले.

"म्योओन-दोरी. आपल्याला दोन्ही फेऱ्या सारख्याच. म्हणून मी एकीवर अन्याय करत नाही. विषम तारखेला उजवी, सम तारखेला डावी. आज विषम आहे. या की बरोबर. घर कुठंही असलं तरी गाडी गोलच फिरते, पोचाल."

पोचाल, हे खरेच होते. तोमात्सुचा खोकला आणखी वाढला.

"कुरोकावा," निवा म्हणाला. त्याला ते स्टेशन दिसले एवढेच, कारण ते भिंतीवरच्या नकाशावर जवळ होते.

"अरेरे," योकोई मनापासून म्हणाले. "एकच स्टेशन, आणि तेही डावीकडचं. उजवीकडून तर तुम्हाला सत्तावीस पडतील."

"सत्तावीस म्हणजे जरा..." निवा म्हणाला.

"जरा जास्तच," योकोईंनी मान्य केले.

संध्याकाळी जिन्यात तोमात्सुने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाचलात. पण कुरोकावाला गर्दी फार झालीय हो. मी हेइआन-दोरी घेतलंय, उजवीकडचं पुढचं. तिकडं बरीच जागा आहे."

तेव्हा निवाला कळले की तपासणी विभागातले निम्मे लोक कुरोकावाला राहतात आणि उरलेले हेइआन-दोरीला. खरी घरे मग कुठेही असोत.

विषम तारखा सुखाच्या होत्या. योकोई उजव्या फेरीने निघत, कुरोकावावाले डावीने. सम तारखेला मात्र योकोईही डाव्या फेरीला येऊन उभे राहत आणि कुरोकावाच्या माणसाला उजवीने जायचे काही कारण उरत नसे. मग त्यांच्याबरोबर चढायचे, गोष्टीची पहिली ओळ ऐकायची, कुरोकावाला वाकून नमस्कार करून उतरायचे. गाडी गेली की फलाटावर पाच-सहा माणसे उरत. कुणी पेयाच्या यंत्रासमोर न घ्यायच्या बाटल्या निरखी, कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधी, निवा बाकड्यावर बसे. कुणी कुणाकडे पाहत नसे. पुढची गाडी आली की सगळे वेगवेगळ्या दारांनी चढत आणि गाडीतही अनोळखी राहत.

जिना चढून खरोखर बाहेर जाणारी एकटी ओगिसो होती. तिचे घर कुरोकावालाच होते. तिच्यावर मात्र विभागात कुणाचाच विश्वास नव्हता. तोमात्सु म्हणे, "बाई हुशार आहे. चक्क जिना चढते. आपल्यात एवढी हिंमत नाही."

क्वचित देव पावे. डावीकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या गोल फिरत नाहीत, काही कानायामाला वर्तुळ सोडून सरळ बंदराकडे जातात. त्यांच्या कपाळावर नागोयाको लिहिलेले असते. अशी गाडी आधी आली की योकोई तीत चढू शकत नसत आणि कुरोकावावाल्याला ती चाले. "काचो, ही आम्हाला पुरते," म्हणून टोळी आत शिरे. मग कुरोकावाला उतरायचेही कारण नसे. निवा थेट कानायामाला जाऊन उतरे. तिथे फक्त एक पथ्य पाळावे लागे. मागून येणारी पहिली गोल गाडी सोडून द्यायची, कारण तीत योकोई असत.

सगळ्यांत वाईट महिनाअखेर. एकतीस विषम, पुढची एक तारीखही विषम. हेइआन-दोरीवाल्यांना सलग दोन दिवस बाकडे. तोमात्सु अशा वेळी रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवी.

निवाची बायको फुसाए हे सगळे जाणून होती, कारण सम तारखांना भात गार होई.

"आज डावी वाटतं," ती म्हणे.

"हो. आणि बंदराची गाडी आली नाही."

"अहो, एकदा ऐकून का टाकत नाही त्या माणसाचं? चौदा स्टेशनांचा तर प्रश्न."

"तेरा," निवा म्हणे. "आपलं एक आधी येतं."

"मग तर बोधही ऐकावा लागणार नाही."

"तेच तर. मग दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून."

यावर फुसाए लोणच्याची बशी पुढे सरकवी.

जशी अकरा वर्षे गेली तसेच बारावेही गेले असते. पण नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर बातमी आली की योकोई मार्चअखेर निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी विभागातलाच माणूस येणार. नाव योकोईंनी सुचवायचे. निवाचे वय बावन्न. ही गाडी चुकली तर मागून दुसरी नव्हती. घरी मुलीचे शिक्षण अजून बाकी होते, आणि पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे सासरे दर नववर्षाला विचारत, "अजून तपासनीसच का?" ते असे विचारत की निवाला समोरचे पक्वान्न गिळवत नसे.

त्याच संध्याकाळी शिगा-होन्दोरीच्या फलाटावर चमत्कार झाला. तारीख विषम होती. योकोई उजव्या फेरीसाठी उभे राहिले आणि तोमात्सु त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्ही हेइआन-दोरीचे ना? एकच स्टेशन," योकोई म्हणाले.

"होतो, काचो. पण सासूबाईंची तब्येत. सध्या आम्ही मिझुहोकडं असतो. तुमच्या एकच स्टेशन अलीकडं." तोमात्सु म्हणाला. "त्या दिवशी केकवाल्याच्या झाकणाचं काय झालं ते राहूनच गेलं बघा."

ते त्या दिवशी म्हणजे सहा वर्षांपूर्वी होते. योकोईंचा चेहरा उजळला. निवाने डाव्या फेरीच्या दारातून हे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सम तारीख. तोमात्सुच्या सासूबाई हलल्या असाव्यात, कारण आता तो कानायामापलीकडे कुठेतरी राहत होता. त्या आठवड्यात त्याने आणखी एकदा बिऱ्हाड हलवले. योकोई कुठल्याही फेरीने निघोत, तोमात्सुचे घर वाटेवर, त्यांच्या घराच्या जरासे अलीकडे येई. बाकीचेही मागे नव्हते. जे अकरा वर्षे कुरोकावाला उतरून बाकडे तापवीत होते ते आता म्हणू लागले, "आज जरा पाय मोकळे करायचेत," आणि गाडीत बसून पाय मोकळे करू लागले. प्रदक्षिणा घालणाऱ्याला निदान देवळात देव असल्याची खात्री असते. इथे फक्त मार्च जवळ येत होता.

निवाची पंचाईत वेगळीच होती. बाकीच्यांना खोटे घर वाढवायचे होते, त्याला स्वतःच्या खऱ्या घरी जायचे होते. पण अकरा वर्षे कुरोकावाला राहणारा माणूस होरितापर्यंत येतो कसा? त्याने पुष्कळ विचार केला आणि एका विषम तारखेला जाऊन योकोईंच्या शेजारी उभा राहिला.

"निवा-कुन, ही उजवी फेरी," योकोई म्हणाले. "तुम्हाला सत्तावीस पडतील."

"डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी एकदम घरी जाऊ नका. मन शांत करून जा. मला गाडीत शांत वाटतं. म्हटलं, पूर्ण फेरी मारून जावं."

तोमात्सुने त्याच्याकडे असे पाहिले, जसा एक सोंगटीवाला दुसऱ्याची चांगली चाल पाहतो.

मधे कुठेतरी तोमात्सु सासूबाईंकडे उतरला. योकोई बोध सांगून म्योओन-दोरीला उतरले, फलाटावरून वळून त्यांनी निवाला वाकून नमस्कार केला. दार बंद झाले. निवा पुढच्याच स्टेशनाला, स्वतःच्या होरिताला उतरला आणि वेळेवर घरी पोचला. फुसाएने घड्याळ पाहिले.

"आज इतक्या लवकर?"

"साहेबांबरोबर आलो."

"मग अकरा वर्षं काय केलंत?" तिने भात वाढला.

उजवीचे हे असे सरळ होते. डावीचे तसे नव्हते. डाव्या फेरीत पंचवीस आधी येते आणि चोवीस नंतर. सम तारखेला होरिताचे दार निवासमोर उघडे, त्याच्या गल्लीतली माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन उतरत आणि निवा मांडीवर हात ठेवून बसून राही. कुरोकावाच्या माणसाचे होरिताला काय काम? मग चोवीसला योकोई उतरत, निवा त्यांना दिसेनासा होईपर्यंत बसून तेवीसला उतरे, उजवी फेरी पकडून दोन स्टेशने मागे येई. स्वतःच्या घरावरून जाऊन स्वतःच्याच घरी परत यायचे, यालाही लोक बढती म्हणतात.

योकोई मात्र दिवसेंदिवस हळवे होत होते. "निवा-कुन," ते एकदा म्हणाले, "तोमात्सु-कुन येतात, पण ते उतरून जातात. तुमचं घर पुढच्याच स्टेशनावर, तरी तुम्ही सबंध फेरी घालता. माझ्या सबंध नोकरीत असं कुणी केलं नाही."

निवाने खाली मान घातली. लाज वाटली म्हणून घातली, पण ती नम्रतेसारखी दिसली.

ओगिसोने या धावपळीत एकदाही भाग घेतला नाही. सम तारखेला चढायची, कुरोकावाला उतरून जिना चढून जायची. तिचे काम विभागात सगळ्यांत चोख होते हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून तर तोमात्सुला तिची जास्त काळजी. "ही न येऊन काहीतरी साधतेय," तो म्हणे.

मार्चमधली ती सम तारीख होती. तोमात्सुला खरोखरचा पडसे-खोकला झाला होता, म्हणून तो नव्हता. गाडीत योकोई आणि निवा शेजारी बसले होते. गोष्ट एका उइरोवाल्याची, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वड्या विकणाऱ्याची होती, त्याची खोकी पावसाळ्यात फुगत. कानायामाला खूप माणसे उतरली. निशि-ताकाकुराला खोकी अजून फुगलेलीच होती. आणखी दोन स्टेशने गेली. मग होरिता आले, दार उघडले, आणि दारात किमाताआजी उभ्या होत्या.

किमाताआजी निवाच्या गल्लीच्या मंडळाच्या प्रमुख. कचरा कुणी कुठल्या वारी टाकायचा, कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर पसरायची जाळी कुणी धुवायची, हे सगळे त्यांच्या ताब्यात. त्या आत आल्या नाहीत. त्यांनी आत पाय ठेवता ठेवता निवाला पाहिले आणि दारातच थांबल्या.

"अहो निवासान, होरिता आलं की. झोप लागली का?"

निवा मांडीवरची पिशवी चाचपू लागला.

"उठा उठा, दार लागेल. फुसाएसान आत्ताच दुकानात भेटली, म्हणाली आज मिसोचं सार करतेय. गार होईल."

सगळ्या डब्याने निवाकडे पाहिले. उतरावे तर अकरा वर्षे गेली, बसावे तर आजींना काय सांगायचे? निवाने बोलायचा प्रयत्न केला.

"आज... जरा पुढं जायचंय, आजी."

"घर सोडून पुढं? बरं बाई." आजी आत येऊन पलीकडे बसल्या. दार लागले. तेवढ्यात त्यांना आठवले. "आणि उद्या कचऱ्याची जाळी तुमच्याकडं आहे हं. मागच्या खेपेला धुतली नव्हती."

गाडी सुटली. योकोईंनी गोष्ट थांबवली. उइरोवाल्याची खोकी बोगद्यात कुठेतरी फुगलेलीच राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ बोध नव्हता असे वाटले.

"निवा-कुन," ते हळूच म्हणाले, "कचेरीहून तुमचं घर किती स्टेशनं?"

एक म्हणायची सवय जिभेवर होती. निवाने ती गिळली. समोर किमाताआजी होत्या, हे त्याचे एक कारण. पण खरे म्हणजे तो दमला होता.

"डावीकडून तेरा," तो म्हणाला. "उजवीकडून पंधरा."

"आणि कुरोकावाहून?"

"बारा."

"बरोबर," योकोई म्हणाले, जणू ते नगांचा आकडा ताडून पाहत होते.

म्योओन-दोरी आले. "तुम्हीही इथंच उतरा," ते म्हणाले. "उजवी पकडा, एकच स्टेशन आहे. तेवीसपर्यंत जायची आता काय गरज?"

निवा उतरला. आजींना नमस्कार केला. गाडी गेली. ते तेवीसपर्यंत जाणेही योकोईंना माहीत होते, हे त्याच्या उशिरा लक्षात आले.

"कधीपासून माहीत होतं, काचो?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही कुरोकावाला उतरलात, गाडी हलली, मी खिडकीतून हात करायला वळलो. तर तुम्ही बाकड्यावर. घरी जाणारा माणूस जिना चढतो हो, बाकड्यावर बसत नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. मग मी वर्तमानपत्र घ्यायला लागलो."

निवाला आठवले. कुरोकावाला दार उघडले की योकोई वर्तमानपत्र उलगडून तोंडासमोर धरत. सगळे म्हणत, म्हाताऱ्याचे नशीब थोर, ऐकणारा उतरला की वाचायला सुरुवात. गाडी फलाट सोडेपर्यंत ते पान खाली येत नसे. माणूस तोंड लपवतो ते स्वतःचे, अशी निवाची समजूत होती.

"बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझे साहेब साकाएला राहायचे, डावीकडं पाच स्टेशनं. तेव्हा लाइनला टोकं होती, म्हणून मी सरळ उलट्या टोकाला जायचो आणि तिथून परत. तुमचं तर एकाच स्टेशनावर भागलं. माझ्यावेळी ही सोय नव्हती." ते थोडे हसले. "आणि सोबत मिळत नाही तर नाही. निदान कुणी उतरताना नमस्कार तरी करावा, एवढंच होतं."

बोगद्यातून वारा आला. उजवी फेरी येत असावी. निवाला विचारायचे नव्हते, पण ती जागा, ते सासरे, ती मुलगी, सगळे एकदम आठवले.

"मग माझं नाव तर आता..."

"नाव मी फेब्रुवारीतच दिलं. तुमचं."

निवा वाकायचेही विसरला.

"ओगिसोसानला आधी विचारलं होतं," योकोई म्हणाले. "तिनं विचारलं, या जागेवर संध्याकाळी वरिष्ठांबरोबर जावं लागतं का? मी म्हटलं, लागतं. ती म्हणाली, मग नको, माझं घर एका स्टेशनावर आहे. उरलात तुम्ही आणि तोमात्सु-कुन. आता असं बघा. एखादा खोका दरवेळी दोन मिलीमीटरनं चुकतो. काय करता?"

"साचा दुरुस्त करतो," निवा म्हणाला. तपासणीचा हा पहिला धडा होता.

"आणि कधी इकडं, कधी तिकडं चुकतो तो?"

"फेकून देतो."

"तोमात्सु-कुननी एका महिन्यात चार घरं बदलली. तुम्ही अकरा वर्षं एकच स्टेशन सांगितलंत. चूकच, पण पक्की." गाडी येऊन थांबली, दार उघडले. योकोईंनी बोट वर केले. "आणि उइरोवाल्याचा बोधही हाच आहे. आज तुमचा एका स्टेशनाचा फेरा वाचला, म्हणून इथंच सांगून टाकला."

निवा वाकला, पुन्हा वाकला, आणि दार लागायच्या आत चढला. होरिताला उतरला तेव्हा मिसो गार झाला नव्हता. फुसाएला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आधी ती जाळी धुऊन ठेवा. आजी येऊन बघतील."

एप्रिल लागला. योकोईंना फुले देऊन झाली, निवा त्यांच्या खुर्चीवर बसला. सासऱ्यांना फोन झाला. ते म्हणाले, "हो का, बरं झालं," आणि शेजाऱ्याच्या मुलाची चौकशी करू लागले.

दोन तारीख होती, म्हणजे सम. संध्याकाळी निवा फलाटावर उभा राहिला तेव्हा विभाग त्याच्या मागे उभा होता. तोमात्सुची सासू पुन्हा धडधाकट झाली होती.

"काचो, तुम्ही होरिताला ना?" त्याने विचारले. "माझं पुन्हा कुरोकावा. हेइआन-दोरीला आता फार गर्दी झालीय."

डावी फेरी आली, सगळे चढले. निवाच्या मनात एक फार चांगला किस्सा होता, जाळी धुताना सुचलेला. त्याने पहिली ओळ सांगितली. कुरोकावाला दार उघडले. ओगिसो नमस्कार करून उतरली आणि जिन्याकडे वळली. तोमात्सु आणि तिघेजण नमस्कार करून उतरले आणि जिन्याकडे वळले नाहीत.

गाडी अजून उभी होती. तोमात्सु बाकड्यापाशी पोचला, त्याने बसण्याआधी मागे वळून खिडकीकडे पाहिले.

निवाने पिशवीतून वर्तमानपत्र काढले आणि पूर्ण उलगडून तोंडासमोर धरले. दार लागले, गाडी हलली. पानावर हवामानाचा तक्ता होता. तो त्याने नीट वाचला. मग बाहेर बोगद्याचा अंधार झाल्यावर पान खाली घेतले आणि मनाशी मोजले, अजून बारा.